रचना बरोबर, तरी नाव चूक: फांद्या असलेल्या अल्केनचं नाव नेमकं कुठे घसरतं

परळला माझा अकरावी सायन्सचा छोटासा क्लास आहे. निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. दरवर्षी एक दिवस येतो, जेव्हा मी फळ्यावर खालची रचना काढते, हातातला खडू ठेवते आणि पंधरा मिनिटं गप्प बसते.

```
CH3-CH-CH2-CH2-CH2-CH2-CH-CH2-CH2-CH3
    |                  |
    CH3                CH-CH3
                       |
                       CH2-CH3
```

वह्या गोळा केल्या की साधारण तीन चुकीची उत्तरं सापडतात. पहिलं, 7-सेक-ब्युटाइल-2-मिथाइलडेकेन. दुसरं, 3,9-डायमिथाइल-4-प्रोपाइलडेकेन. तिसरं, 7-प्रोपाइल-2,8-डायमिथाइलडेकेन. बरोबर उत्तर आहे 2,8-डायमिथाइल-7-प्रोपाइलडेकेन.

हे दुखणं दरवर्षी परत का येतं, त्याचं कारण या तीन उत्तरांतच आहे. तिन्ही नावांवरून रचना काढून बघा. तिन्ही वेळा हाच रेणू कागदावर उतरतो. कार्बन मोजा, तिन्ही नावांत पंधराच. म्हणजे "नावावरून परत रचना काढून बघ" ही जी तपासणी आपण मुलांना शिकवतो, ती इथे काही पकडत नाही. मूल रचना काढतं, ती जुळते, ते खूश होतं आणि पेपरात मार्क जातात. ती तपासणी फक्त राहून गेलेला कार्बन किंवा चुकीच्या जागी लावलेली फांदी पकडते. नियम चुकला असेल तर तो ज्या पायरीवर चुकला, तिथेच जाऊन बघावं लागतं. अशा पायऱ्या तीन आहेत: साखळी, आकडे आणि अक्षरं.

पहिली घसरण: आडवी ओळ म्हणजे साखळी नव्हे

पहिलं उत्तर देणाऱ्या मुलांनी आडवी ओळ मोजली. दहा कार्बन आले, डेकेन झालं. खाली लोंबणारा तुकडा चार कार्बनांचा, म्हणून सेकंडरी ब्युटाइल. त्यांचं मोजणं चुकलेलं नाही. साखळी खरोखरच दहाची आहे. पण दहाची दुसरी साखळीही आहे आणि ती वाकडी जाते. ती त्यांना दिसलीच नाही, कारण फळ्यावर जे आडवं लिहिलंय ते मुख्य, आणि खाली जे उतरतंय ते दुय्यम, असं डोळा आपणहून ठरवतो.

मी मुलांना कल्याण आठवायला सांगते. कल्याणला मध्य रेल्वेची लाइन फुटते, एक कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. डब्यातल्या नकाशात यातली कुठली सरळ काढलीय आणि कुठली वाकवलीय, ती नकाशा काढणाऱ्याची सोय. रुळांना त्याची खबर नसते. रेणूचंही तसंच. कागदावर वर, खाली, तिरपं असं काही रेणूत नाही. एकेरी बंधाभोवती तुकडे फिरत असतात.

मग शोधायचं कसं? पेन घेऊन प्रत्येक टोकापासून प्रत्येक टोकापर्यंत जाणं हा खात्रीचा उपाय, पण त्यात वेळ जातो आणि मुलं मध्येच सोडून देतात. मी जंक्शनवर उभं राहायला सांगते. ज्या कार्बनला तीन किंवा चार कार्बन जोडलेले आहेत तो जंक्शन. तिथून प्रत्येक दिशेला जास्तीत जास्त किती कार्बन दूर जाता येतं, तो आकडा त्या हातावर पेन्सिलने लिहायचा. सगळ्यात मोठे दोन आकडे घ्यायचे, त्यात जंक्शनचा स्वतःचा एक मिळवायचा. ही त्या जंक्शनमधून जाणारी सर्वात लांब साखळी. जंक्शनं जास्त असतील तर प्रत्येकावर हेच करायचं आणि सर्वात मोठं उत्तर घ्यायचं. फांदी असलेल्या रेणूत सर्वात लांब साखळी कुठल्या ना कुठल्या जंक्शनमधून जातेच, त्यामुळे काही सुटत नाही.

आपल्या रेणूत महत्त्वाचं जंक्शन आडव्या ओळीतलं डावीकडून सातवं. तिथून डावीकडे सहा, उजवीकडे तीन, खाली जाऊन वळलं तरी तीनच. मोठे दोन आकडे सहा आणि तीन, अधिक एक, म्हणजे दहा. पण तीन दोन ठिकाणी आलाय. असे सारखे आकडे दिसले की थांबायचं, कारण दहाच्या दोन साखळ्या आहेत आणि त्यातली एक निवडायची आहे.

निवडीचा नियम असा की लांबी सारखी असेल तर जिच्यावर फांद्या जास्त, ती मुख्य साखळी. आडवी साखळी घेतली तर फांद्या दोन: डाव्या टोकाजवळ मिथाइल आणि खाली सेकंडरी ब्युटाइल. खाली वळणारी साखळी घेतली तर तीन: डावीकडचं तेच मिथाइल, जंक्शनवर आता फांदी झालेलं उजवीकडचं प्रोपाइल, आणि पुढच्याच कार्बनवर आणखी एक मिथाइल. तीन विरुद्ध दोन, वळणारी साखळी जिंकली.

फांद्या जास्त घेण्याचा फायदाही बघा. मोठी, स्वतःच फाटे फुटलेली फांदी मोडून तिचे साधे तुकडे होतात. सेकंडरी ब्युटाइल गेलं, त्याच्या जागी साधं प्रोपाइल आणि साधं मिथाइल आलं. यातून स्वतःचं उत्तर तपासायची एक खूण मिळते. तुमच्या नावात आयसो, सेकंडरी असलं काही किंवा कंस आला, तर लिहून टाकण्याआधी साखळी पुन्हा एकदा बघा. बहुतेक वेळा ती फांदी साखळीत सामावून घेता येत होती आणि तुम्ही घेतली नाहीत.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. हेप्टेनच्या चौथ्या कार्बनवर आयसोप्रोपाइल असेल, तर जंक्शनवरून दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि आयसोप्रोपाइलकडे फक्त दोन. त्या बाजूने गेलात तर साखळी सहाची होते. तिथे आयसोप्रोपाइल नाइलाजाने फांदीच राहतं आणि नाव 4-आयसोप्रोपाइलहेप्टेनच. लांबी आधी, फांद्यांची संख्या नंतर. काही हुशार मुलं "फांद्या जास्त" हे इतकं पक्कं धरतात की चार फांद्यांच्या हौसेने साखळी एका कार्बनने आखूड करून बसतात. फांद्यांचा विचार फक्त लांबीत बरोबरी झाली तरच.

दुसरी घसरण: बेरीज

दुसरं उत्तर देणारी मुलं साखळीत पास झाली. वळणारी साखळी त्यांनी बरोबर पकडली. घोटाळा आकड्यांत झाला.

एका मुलीने मला थेट विचारलं, "मॅडम, दोन, सात, आठची बेरीज सतरा. तीन, चार, नऊची सोळा. सोळा कमी नाही का?" तिच्या वहीत दोन्ही बेरजा नीट मांडल्या होत्या. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ज्या बाजूने बेरीज कमी येईल त्या बाजूने आकडे द्यायचे. काही जुन्या गाइडमध्ये हे अजूनही छापलेलं सापडतं आणि क्लासच्या नोट्समध्ये ते झेरॉक्स होत होत पुढे चाललंय.

आयुपॅकचा नियम बेरजेचा नाही, पहिल्या फरकाचा आहे. दोन्ही बाजूंनी आकडे द्यायचे, दोन्ही संच चढत्या क्रमाने लिहायचे आणि एकेक जोडी ताडून बघायची, जसे आपण शब्दकोशात शब्द ताडतो. जिथे पहिल्यांदा फरक पडेल तिथे ज्याचा आकडा लहान तो जिंकला. पुढचे आकडे कितीही मोठे असोत, ते वाचायचेच नाहीत. इथे एका बाजूने 2, 7, 8 आणि दुसऱ्या बाजूने 3, 4, 9. पहिलीच जोडी दोन आणि तीन. दोन लहान. विषय संपला. त्या मुलीची सतरा-सोळाची बेरीज बरोबर होती, फक्त तिचा या प्रश्नाशी संबंध नव्हता.

मग बेरजेचा नियम इतकी वर्षं टिकला कसा? मला हे बरेच दिवस कळत नव्हतं. उत्तर सोपं निघालं. साखळीवर फांद्या दोनच असतील तर बेरजेचा नियम कधीच चुकत नाही. समजा साखळी आठ कार्बनांची आहे. एका बाजूने जो कार्बन दुसरा, तो दुसऱ्या बाजूने सातवा. म्हणजे कुठल्याही कार्बनचे दोन्ही बाजूंचे आकडे मिळून नऊच होतात. आता फांद्या दोन. डाव्या टोकाजवळची फांदी डाव्या टोकापासून जितकी जवळ आहे, त्याहून उजवीकडची फांदी उजव्या टोकाच्या जास्त जवळ असेल, तर उजवीकडून पहिला आकडाही लहान येतो आणि बेरीजही लहान येते. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात, म्हणून नेहमी जुळतात. पुस्तकातली सुरुवातीची उदाहरणं दोन फांद्यांचीच असतात. मुलं वीस उदाहरणं बेरजेने सोडवतात, वीसही बरोबर येतात आणि नियम डोक्यात घट्ट बसतो. तिसरी फांदी मध्ये आली की तो फसवतो, कारण मधली फांदी बेरीज बदलते, पण पहिल्या आकड्याला हात लावत नाही.

फसवायला दहा कार्बन लागतात असंही नाही. हेप्टेनच्या दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल आणि पाचव्यावर दोन मिथाइल लावा. एका बाजूने 2, 5, 5. दुसऱ्या बाजूने 3, 3, 6. दोन्हीची बेरीज बारा. बेरजेवर विश्वास ठेवणारं मूल इथे अडकतं आणि "दोन्ही बरोबर" असं लिहून मोकळं होतं. पहिल्या फरकाने बघितलं तर दोन आणि तीन, म्हणून 2,5,5-ट्रायमिथाइलहेप्टेन, आणि दुसरं नाव नाही. हेच ऑक्टेनवर करा, 2, 6, 6 विरुद्ध 3, 3, 7. इथे बेरीज सरळ उलट्या बाजूला बोट दाखवते, चौदा विरुद्ध तेरा, आणि बरोबर नाव 2,6,6-ट्रायमिथाइलऑक्टेन. मुलांच्या डोक्यातून बेरीज काढायची असेल तर भाषण देऊ नका, ही दोन उदाहरणं पाठोपाठ द्या.

या पायरीवर आणखी एक बारीक चूक दिसते. एकाच कार्बनवर दोन फांद्या असतील तर त्याचा आकडा दोनदा लिहायचा असतो. काहीजण संच लिहिताना तो एकदाच लिहितात. पेट्रोलच्या ऑक्टेन नंबरच्या मोजपट्टीवर ज्याला 100 धरतात तो आयसोऑक्टेन घ्या. नावात ऑक्टेन असलं तरी त्याची साखळी पाचचीच आहे. एका बाजूने आकडे 2, 2, 4 आणि दुसऱ्या बाजूने 2, 4, 4. आकडे एकदाच लिहिले तर दोन्हीकडे 2, 4 येतं आणि बरोबरी झाल्यासारखी वाटते. पूर्ण लिहिले तर दुसऱ्या जोडीत दोन आणि चार, म्हणून 2,2,4-ट्रायमिथाइलपेंटेन. फांद्या जितक्या, आकडे तितके. नावात "ट्राय" असेल आणि आकडे दोनच असतील, तर काहीतरी हरवलंय.

तिसरी घसरण: क ख ग की ए बी सी

तिसरं उत्तर माझं सगळ्यात आवडतं आहे, कारण ती चूक इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडून जवळजवळ कधी होत नाही.

फांद्यांची नावं वर्णानुक्रमे लिहायची. हा क्रम इंग्रजी अक्षरांचा आहे. मराठी माध्यमातून आलेलं मूल डोक्यात नाव मराठीतच उच्चारतं, प्रोपाइल, मिथाइल. आणि आपल्या बाराखडीत प आधी, म नंतर. म्हणून ते बिनदिक्कत 7-प्रोपाइल-2,8-डायमिथाइलडेकेन लिहितं. इंग्रजीत एम आधी, पी नंतर, म्हणून मिथाइल पुढे यायला हवं.

नेहमीच्या चार फांद्यांचा क्रम आपल्या वर्णमालेने लावला तर येतो इथाइल, प्रोपाइल, ब्युटाइल, मिथाइल. इंग्रजीने लावला तर ब्युटाइल, इथाइल, मिथाइल, प्रोपाइल. यात एकही जागा जुळत नाही. पुढे हॅलोजन आले की हेच क्लोरो आणि ब्रोमोचं होतं: आपल्याकडे क आधी, तिकडे बी आधी. माझ्या क्लासमध्ये वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात बी, ई, एम, पी लिहायला लावते. पाठांतराचा मला कंटाळा आहे, पण इथे दुसरा इलाज नाही. मातृभाषेचा क्रम आपण न ठरवताही हाताला येतो.

"डाय", "ट्राय", "टेट्रा" हे क्रमात मोजायचे नाहीत, ते फक्त संख्या सांगतात. त्यामुळे डायमिथाइल हा डी ने नाही, एम ने बघायचा. कितीतरी मुलांचं उत्तर आपल्या उदाहरणात योगायोगाने बरोबर येतं, कारण डी हा पी च्या आधीच असतो. मग मी त्यांना इथाइल असलेलं उदाहरण देते. डायमिथाइल आणि इथाइल यांत डी मोजला तर डायमिथाइल पुढे, एम मोजला तर इथाइल पुढे. बरोबर दुसरं आहे.

आयसोप्रोपाइलबद्दल मात्र विचारणारे विचारतातच. "आयसो" हा नावाचाच भाग धरतात, म्हणून तो आय ने मोजायचा आणि मिथाइलच्या आधी लिहायचा: 4-आयसोप्रोपाइल-3-मिथाइलहेप्टेन. तोच गट पद्धतशीर नावाने प्रोपॅन-2-इल लिहिला तर पी लागू होतो आणि क्रम उलटतो: 3-मिथाइल-4-(प्रोपॅन-2-इल)हेप्टेन. दोन पुस्तकांत एकाच रेणूची नावं उलटसुलट दिसली तर घाबरू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. सेकंडरी आणि टर्शरी हे शब्द मात्र क्रमात मोजत नाहीत, तिथे ब्युटाइलचा बी बघायचा.

आता राहिला तो गोंधळ ज्यात अक्षरं आकड्यांच्या कामात नाक खुपसतात. हेक्झेनच्या एका टोकापासून दुसऱ्या कार्बनवर मिथाइल आहे आणि चौथ्यावर इथाइल. "ई आधी येतो, म्हणून इथाइलला लहान आकडा" असं म्हणून मुलं दुसऱ्या टोकाकडून मोजतात आणि 3-इथाइल-5-मिथाइलहेक्झेन लिहितात. पण संच 2, 4 आणि 3, 5 असे आहेत. पहिल्या जोडीतच निकाल लागतो, अक्षरांना कुणी विचारलेलंच नाही. बरोबर नाव 4-इथाइल-2-मिथाइलहेक्झेन. लिहिताना इथाइल पुढे, आकडा मात्र मोठा. मुलांना हे बघायला विचित्र वाटतं आणि ते "दुरुस्त" करायला जातात, म्हणून मुद्दाम सांगते.

अक्षरं आकडे ठरवतात ती एकाच प्रसंगी, दोन्ही बाजूंचे संच तंतोतंत सारखे आले तर. हेप्टेनच्या तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर एकीकडे इथाइल, दुसरीकडे मिथाइल असेल, तर कुठूनही मोजा, 3, 5 च येतं. तिथे पहिल्यांदा लिहिली जाणारी फांदी लहान आकडा घेते: 3-इथाइल-5-मिथाइलहेप्टेन.

मघाच्या मुलीला मी शेवटी आणखी एक रचना दिली होती. आडवी ओळ आठची, चौथ्या कार्बनवर खाली CH2-CH(CH3)-CH2-CH3 लटकवलेलं. तिने जंक्शनवर तीन, चार आणि चार असे आकडे लिहिले, दोन्ही चार घेऊन नऊची साखळी काढली आणि उरलेल्या तीन कार्बनांना प्रोपाइल म्हटलं. मग दोन्ही टोकांकडून आकडे मांडले, 3, 5 आणि 5, 7, आणि लिहिलं 3-मिथाइल-5-प्रोपाइलनोनेन. बेरीज तिने यावेळीही केली होती, पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आठ आणि बारा. फांद्या दोनच होत्या, त्यामुळे तीही जुळली.